दुसऱ्याची क्लिप, आपला व्हिडिओ

यूट्यूबवर चित्रपटांवर भाष्य करणारी, सामन्यांचे विश्लेषण करणारी किंवा निवडक प्रसंगांचे संकलन मांडणारी चॅनल्स दुसऱ्याने चित्रित केलेल्या दृश्यांवर अवलंबून असतात. अशा चॅनलवर तीन संकटे येऊ शकतात: कंटेंट आयडीचा दावा, कॉपीराइट स्ट्राइक आणि ‘रीयूज्ड कंटेंट’ या कारणावरून नाकारली जाणारी कमाई. तिन्हींत पैसे थांबतात, म्हणून ती एकाच प्रकारची वाटतात. प्रत्यक्षात पहिल्याची सुरुवात बहुधा यंत्र करते, दुसऱ्याची हक्कधारक करतो आणि तिसऱ्याचा निर्णय यूट्यूब स्वतः घेते. तिघांच्या कसोट्या वेगळ्या आहेत आणि त्यामुळे उपायही वेगळे आहेत. दावा आला म्हणून घाबरून व्हिडिओ काढून टाकणे, स्ट्राइक आल्यावर व्हिडिओ काढला की प्रकरण मिटले असे समजणे, किंवा मालकाची परवानगी आहे म्हणजे कमाई सुरू होणारच असे मानणे, या तिन्ही चुका या फरकाकडे दुर्लक्ष झाल्याने होतात.

दावा म्हणजे काय

कंटेंट आयडी ही यूट्यूबची यंत्रणा २००७ मध्ये सुरू झाली. चित्रपट कंपन्या, संगीत कंपन्या, दूरचित्रवाहिन्या यांसारखे मोठा संग्रह असलेले हक्कधारक आपली मूळ गाणी आणि चित्रफिती यूट्यूबकडे देतात. त्यांपासून यंत्रणा एक प्रकारचा डिजिटल ठसा तयार करते आणि अपलोड होणारा प्रत्येक व्हिडिओ या ठशांशी ताडून पाहते. जुळणी झाली की दावा लागतो. पुढे काय व्हायचे हे हक्कधारकाने आधीच ठरवून ठेवलेले असते. व्हिडिओ अडवायचा, त्यावरच्या जाहिरातींचे उत्पन्न स्वतःकडे घ्यायचे किंवा फक्त प्रेक्षकसंख्येवर लक्ष ठेवायचे, असे तीन पर्याय त्याच्यापुढे असतात. देशागणिक वेगळा पर्यायही निवडता येतो. त्यामुळे भारतात दिसणारा एखादा व्हिडिओ दुसऱ्या देशात अडवलेला असू शकतो.

यंत्राला आवाज आणि चित्र ओळखता येते, हेतू ओळखता येत नाही. क्लिप टीकेसाठी घेतली की नुसत्या करमणुकीसाठी, हा प्रश्न जुळणीच्या वेळी विचारलाच जात नाही. म्हणून कायद्याने पूर्णपणे योग्य असलेल्या व्हिडिओवरही दावा लागू शकतो. मात्र दाव्याचा परिणाम त्या एका व्हिडिओपुरता असतो. चॅनलच्या खात्यावर त्याने ठपका बसत नाही. यूट्यूब स्टुडिओत त्या व्हिडिओच्या कॉपीराइट तपशिलात दावा कोणाचा आहे, कोणत्या मिनिटापासून कोणत्या मिनिटापर्यंतच्या भागावर आहे आणि त्याचा परिणाम काय, हे तिन्ही दिसते. पहिले काम म्हणजे हा तपशील शांतपणे वाचणे.

स्ट्राइक कधी लागतो

हक्कधारकाने व्हिडिओ काढून टाकण्याची रीतसर कायदेशीर मागणी केली आणि यूट्यूबने ती मान्य केली, तर चॅनलवर स्ट्राइक लागतो. या प्रक्रियेचा पाया अमेरिकेचा १९९८ चा डिजिटल मिलेनियम कॉपीराइट कायदा आहे. यूट्यूब अमेरिकी कंपनी असल्याने पुण्यातल्या किंवा पणजीतल्या चॅनललाही तीच प्रक्रिया लागू होते. पहिल्या स्ट्राइकनंतर कॉपीराइटविषयीचा छोटा पाठ पूर्ण करावा लागतो आणि स्ट्राइक ९० दिवसांनी सरतो. या ९० दिवसांच्या मुदतीत तीन स्ट्राइक जमा झाले, तर ते चॅनल आणि त्याच खात्याशी जोडलेली इतर चॅनल्सही बंद होऊ शकतात.

स्ट्राइक लागल्यावर व्हिडिओ हटवल्याने तो जात नाही. मार्ग तीनच आहेत. पहिला, ९० दिवस थांबणे. दुसरा, हक्कधारकाशी बोलून त्याला मागणी मागे घ्यायला लावणे. तिसरा, प्रतिसूचना म्हणजे काउंटर नोटिफिकेशन पाठवणे. प्रतिसूचनेत खरे पूर्ण नाव आणि पत्ता द्यावा लागतो, तो हक्कधारकाकडे जातो आणि अमेरिकेबाहेरच्या व्यक्तीला यूट्यूबचे कार्यालय ज्या भागात आहे तिथल्या न्यायालयाचे अधिकारक्षेत्र मान्य करावे लागते. हक्कधारकाने अमेरिकेतील कामकाजाच्या १० दिवसांत न्यायालयीन कारवाईचा पुरावा दिला नाही, तर व्हिडिओ परत येऊ शकतो. म्हणजे प्रतिसूचना हा नुसता ऑनलाइन अर्ज नसून खटल्याची तयारी दाखवणारे कायदेशीर निवेदन आहे. आपली बाजू भक्कम असल्याची खात्री असेल तेव्हाच, शक्य तर वकिलाला दाखवून, ती पाठवावी.

काही हक्कधारक लगेच व्हिडिओ न काढता सात दिवसांची मुदत देणारी मागणी पाठवतात. त्या सात दिवसांत चॅनलने व्हिडिओ स्वतःहून काढला, तर स्ट्राइक लागत नाही. ही सूचना ई-मेलने येते. म्हणून चॅनलशी जोडलेला ई-मेल नियमित पाहणे हे प्रत्यक्ष नुकसान टाळणारे काम आहे.

स्ट्राइकचा धाक भारतात किती खरा आहे, हे मे २०२५ मध्ये दिसले. एएनआय या वृत्तसंस्थेच्या काही सेकंदांच्या क्लिप वापरल्याबद्दल स्ट्राइक आल्याचे आणि त्यानंतर परवाना शुल्काच्या मोठ्या रकमा मागितल्याचे काही यूट्यूबरांनी जाहीरपणे सांगितले. आपण कॉपीराइटचा कायदेशीर हक्क बजावत आहोत, अशी संस्थेची भूमिका होती आणि वाद न्यायालयापर्यंत गेला. वाद कोणत्याही बाजूने सुटो, छोट्या चॅनलसाठी त्यातला बोध स्पष्ट आहे. वृत्तसंस्थेचा व्यवसायच चित्रफिती विकण्याचा असतो, त्यामुळे तिथे क्लिप छोटी असणे हे संरक्षण ठरेलच असे नाही. शासकीय निवेदने, संबंधित व्यक्तीने किंवा खात्याने स्वतः प्रसिद्ध केलेली दृश्ये, स्वतः काढलेली छायाचित्रे आणि नकाशे यांवर बातमीचे भाष्य उभे करणे अधिक सुरक्षित असते. अर्थात शासकीय चित्रफितीच्याही वापराच्या अटी पाहाव्या लागतात.

कायदा भाष्याला कुठे जागा देतो

भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील कलम ५२ मध्ये हक्कभंग न ठरणाऱ्या वापरांची यादी आहे. खासगी वापर व संशोधन, टीका किंवा समीक्षा आणि चालू घडामोडींचे वार्तांकन यांसाठी केलेला ‘फेअर डीलिंग’, म्हणजे न्याय्य वापर, तिथे मान्य आहे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर ही तरतूद संगणक प्रणाली वगळता सर्व कृतींना, म्हणजे चित्रपटांना आणि ध्वनिमुद्रणांनाही, लागू झाली. मात्र ही यादी बंदिस्त आहे. समीक्षा तिच्यात बसते, ‘सर्वोत्तम दहा विनोदी प्रसंग’ असे नुसते संकलन बसत नाही.

न्याय्य म्हणजे किती, हे कायद्यात सेकंदांत सांगितलेले नाही. केरळ उच्च न्यायालयाने १९९६ मध्ये सिव्हिक चंद्रन विरुद्ध अम्मिणी अम्मा या खटल्यात तीन गोष्टी तपासायला सांगितल्या. टीकेच्या मानाने मूळ कृतीतून किती आणि किती महत्त्वाचे घेतले, ते कशासाठी घेतले आणि नवी कृती मूळ कृतीशी स्पर्धा करेल का. एका नाटकाला उत्तर म्हणून लिहिलेल्या प्रतिनाटकाचे ते प्रकरण होते, पण हे तीन प्रश्न आजच्या भाष्य-व्हिडिओलाही जसेच्या तसे लागू पडतात.

अमेरिकी कायद्यात ‘फेअर यूज’ची व्याप्ती अधिक मोकळी आहे. वापराचा हेतू, मूळ कृतीचे स्वरूप, घेतलेल्या भागाचे प्रमाण आणि मूळ कृतीच्या बाजारपेठेवरचा परिणाम, असे चार निकष तिथे एकत्र तोलले जातात. भाष्य-व्हिडिओंसाठी यातला महत्त्वाचा निकाल होसेनजादे विरुद्ध क्लाइन या खटल्याचा आहे. ईथन आणि हिला क्लाइन या दांपत्याने मॅट होसेनजादे यांच्या ५ मिनिटे २४ सेकंदांच्या विनोदी व्हिडिओवर २०१६ मध्ये सुमारे १४ मिनिटांचा टीकात्मक व्हिडिओ केला. त्यात मूळ व्हिडिओतील ३ मिनिटे १५ सेकंद वापरली होती, म्हणजे निम्म्याहून बरेच अधिक. तरीही न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयात न्यायाधीश कॅथरीन फॉरेस्ट यांनी २३ ऑगस्ट २०१७ रोजी हा वापर न्याय्य ठरवला.

कारण मांडणीत होते. क्लाइन दांपत्य थोडी क्लिप दाखवून थांबत, संवाद, अभिनय आणि मांडणी यांवर बोलत आणि मग पुढचा तुकडा दाखवत. तो व्हिडिओ पाहिल्याने मूळ व्हिडिओ पाहण्याचा अनुभव मिळत नव्हता, म्हणून मूळ कृतीचा प्रेक्षक तिकडे वळण्याचा प्रश्न नव्हता. त्याच निकालात न्यायाधीशांनी मर्यादाही घातली. प्रतिक्रियेचे काही व्हिडिओ भरपूर टीका करतात, तर काही म्हणजे भाष्याविना एकत्र बसून पाहणेच असते, आणि आपला निकाल सर्व प्रतिक्रिया-व्हिडिओंना सरसकट लागू नाही, असे त्यांनी स्पष्ट केले.

यातून एक उपयोगी कसोटी मिळते. व्हिडिओतील सर्व क्लिप काढून फक्त निवेदन ऐकले, तर त्यात स्वतःचा मुद्दा उरतो का? आणि उलट, निवेदन काढून फक्त क्लिप पाहिल्या, तर मूळ चित्रपटाची गोष्ट किंवा गंमत प्रेक्षकाला मिळून जाते का? पहिल्याचे उत्तर होकारार्थी आणि दुसऱ्याचे नकारार्थी असेल, तर बाजू मजबूत आहे. ‘संपूर्ण चित्रपटाची कथा दहा मिनिटांत’ या प्रकारचे व्हिडिओ दुसऱ्या प्रश्नावर अडखळतात. त्यात आवाज निवेदकाचा असतो, पण सांगितली जाते ती चित्रपटाचीच गोष्ट, चित्रपटाच्याच दृश्यांतून आणि चित्रपटाच्याच क्रमाने.

जे उपाय उपाय नाहीत

पाच, सात किंवा तीस सेकंदांपर्यंतची क्लिप मुक्तपणे वापरता येते, असा नियम भारतात नाही आणि अमेरिकेतही नाही. वर दिलेल्या खटल्यात सव्वातीन मिनिटे न्याय्य ठरली. उलट गाण्याच्या काही सेकंदांवरही दावा लागू शकतो. यूट्यूबने ऑगस्ट २०१९ मध्ये एक सवलत जाहीर केली. हक्कधारक एखाद्या व्हिडिओवर हाताने दावा लावत असेल आणि गाणे अगदी थोडा वेळ किंवा अनवधानाने आले असेल, तर त्याला त्या व्हिडिओचे उत्पन्न घेता येत नाही. पण यंत्राने आपोआप लावलेल्या दाव्यांना ही सवलत लागू नाही.

वर्णनात मूळ मालकाचे नाव लिहिणे हा सौजन्याचा भाग आहे, परवानगी नव्हे. ‘कॉपीराइटचा भंग करण्याचा हेतू नाही’ किंवा ‘फेअर यूजखाली वापर’ असे वाक्य टाकल्यानेही वापर न्याय्य होत नाही. तो व्हिडिओच्या मांडणीने होतो. चित्र उलटे फिरवणे, भोवती चौकट टाकणे, वेग किंवा आवाजाची पट्टी बदलणे हे उपाय तर अधिक घातक ठरतात. यंत्र कदाचित चुकेल, पण माणसाने व्हिडिओ पाहिल्यावर हे बदल ओळख लपवण्यासाठीच केल्याचे उघड दिसते. टीकेसाठी क्लिप घेणाऱ्याला ती लपवण्याचे कारण नसते. त्यामुळे न्याय्य वापराचा पुढचा युक्तिवाद तिथेच कमकुवत होतो.

गाणे वेगळे सांभाळावे लागते

चित्रपटाच्या क्लिपमधून सर्वाधिक त्रास पार्श्वभूमीला वाजणाऱ्या संगीतातून होऊ शकतो. एका गाण्यात किमान दोन स्वतंत्र हक्क असतात. एक ध्वनिमुद्रणाचा, जो सहसा संगीत कंपनीकडे असतो, आणि दुसरा शब्द व चाल यांचा. म्हणून गाणे स्वतः गाऊन किंवा बासरीवर वाजवून वापरले, तरी चालीवरचा दावा टळत नाही. शिवाय चित्रपटाचा हक्कधारक आणि संगीताचा हक्कधारक वेगवेगळे असल्याने एकाच क्लिपवर दोन दावे लागू शकतात. एकाने व्हिडिओ चालू ठेवला आणि दुसऱ्याने अडवला, तर व्हिडिओ अडतोच.

चित्रपटाच्या दिग्दर्शनावर किंवा अभिनयावर भाष्य असेल, तर गाण्याची भाष्याला गरज नसते. संपादन करताना क्लिपचा मूळ आवाज बंद करून त्यावर निवेदन ठेवणे आणि संवाद ऐकवणे अटळ असेल तिथेच मूळ आवाज सोडणे, ही सवय पुष्कळ दावे टाळते. पार्श्वसंगीत हवे असल्यास यूट्यूब स्टुडिओतील ऑडिओ लायब्ररीतले तुकडे वापरता येतात. त्यांतील ज्यांना क्रिएटिव्ह कॉमन्स परवाना आहे, त्यांच्या निर्मात्याचा उल्लेख वर्णनात करावा लागतो. इतरांना तो लागत नाही.

परवानगी असूनही कमाई का नाकारली जाते

यूट्यूबच्या भागीदारी कार्यक्रमात जाहिरातींचे उत्पन्न मिळण्यासाठी १,००० सदस्य आणि त्यांबरोबर गेल्या १२ महिन्यांत सार्वजनिक व्हिडिओंवर ४,००० तासांचा पाहण्याचा वेळ, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सचे १ कोटी वैध व्ह्यूज लागतात. हा टप्पा गाठल्यावर संपूर्ण चॅनलची तपासणी होते. इथे ‘रीयूज्ड कंटेंट’चे धोरण लागू होते आणि ते कॉपीराइटपासून पूर्णपणे वेगळे आहे. एकही दावा नाही, एकही स्ट्राइक नाही, सगळ्या क्लिपची लेखी परवानगी आहे, तरीही अर्ज फेटाळला जाऊ शकतो. इथे विचारला जाणारा प्रश्न मालकीचा नसून भरीचा आहे: या चॅनलने मूळ सामग्रीत स्वतःचे काय घातले?

परीक्षक प्रत्येक व्हिडिओ पाहत नाहीत. चॅनलचा मुख्य विषय, सर्वाधिक पाहिलेले व्हिडिओ, अलीकडचे व्हिडिओ, पाहण्याच्या वेळेचा मोठा वाटा असलेले व्हिडिओ, शीर्षके, थंबनेल आणि वर्णने यांवर त्यांचा भर असतो. याचा छोट्या चॅनलला थेट फटका बसू शकतो. सुरुवातीला केलेले एखादे नुसते संकलन सर्वाधिक चालले असेल आणि ४,००० तासांतला मोठा हिस्सा त्याचाच असेल, तर नंतरचे चांगले विश्लेषणात्मक व्हिडिओ असूनही चॅनलची ओळख त्या संकलनावरून ठरते.

काय चालते आणि काय चालत नाही, याची उदाहरणे यूट्यूबच्याच धोरणात आहेत. टीकात्मक समीक्षेसाठी वापरलेल्या क्लिप, खेळाडूने डाव कसा साधला हे समजावणारी सामन्याची दृश्ये, मूळ व्हिडिओवर बोलणारे प्रतिक्रिया-व्हिडिओ आणि इतरांच्या दृश्यांना स्वतःचे कथानक व भाष्य जोडलेले संपादन हे कमाईस पात्र धरले जाते. आवडत्या मालिकेतील क्षण अत्यल्प निवेदनाने एकत्र जोडणे, इतर समाजमाध्यमांवरचे छोटे व्हिडिओ गोळा करणे आणि वेगवेगळ्या कलाकारांच्या गाण्यांचा संग्रह करणे हे पात्र धरले जात नाही. गाण्यांच्या संग्रहाबाबत तर कलाकारांची परवानगी असली तरीही नाही, असे स्पष्ट म्हटले आहे.

संकलनाला यातून वाट आहे. ‘मराठी मालिकांतील दहा भांडणे’ हे नुसते संकलन झाले. पण त्याच दहा प्रसंगांतून मालिकेतील सासूचे पात्र कसे बदलत गेले, हा मुद्दा निवेदनाने उलगडला, प्रत्येक प्रसंग त्या मुद्द्याचा पुरावा म्हणून काही सेकंद दाखवला आणि दोन प्रसंगांमधला दुवा निवेदकाने जोडला, तर तेच साहित्य भाष्य होते. निवेदकाचा आवाज, शक्य तर चेहरा, स्वतः तयार केलेले तक्ते किंवा आकृत्या हे परीक्षकाला लगेच दिसणारे पुरावे असतात.

पहिला अर्ज फेटाळल्यास ३० दिवसांनी पुन्हा अर्ज करता येतो, त्यानंतरच्या नकारासाठी ही मुदत ९० दिवसांची होते. निर्णय चुकीचा वाटत असेल, तर २१ दिवसांत अपील करता येते. अपिलात पाच मिनिटांपर्यंतचा व्हिडिओ देऊन संहिता कशी लिहिली, आवाज कसा नोंदवला, संपादन कसे केले हे प्रत्यक्ष दाखवता येते. ज्या चॅनलने संहितेच्या आणि संपादनाच्या मूळ फाइल जपून ठेवल्या आहेत, त्यालाच हे करणे सोपे जाते.

एका दाव्याची वाटचाल

समजा, भागीदारी कार्यक्रमात असलेल्या एका मराठी चॅनलने एका जुन्या विनोदी चित्रपटावर १२ मिनिटांचा व्हिडिओ केला. विषय होता संवादफेकीतील विराम. १ जूनला व्हिडिओ प्रसिद्ध झाला आणि त्याच दिवशी दोन दावे आले. पहिला संगीत कंपनीचा, सुरुवातीच्या ४५ सेकंदांतील शीर्षकगीतावर. दुसरा चित्रपटाच्या हक्कधारकाचा, ४:१० ते ५:०५ या ५५ सेकंदांच्या दृश्यावर.

गाणे फक्त वातावरणनिर्मितीसाठी होते, त्यावर एक शब्दही भाष्य नव्हते. तिथे हरकत घेण्यात अर्थ नाही. स्टुडिओच्या संपादकातून तेवढे गाणे काढून टाकता येते, बदलता येते किंवा तो भाग कापता येतो. बदल जतन झाला आणि गाणे खरोखर गेले, की दावा आपोआप उठतो. दुसऱ्या दाव्यातील दृश्य पुन्हा पाहिल्यावर असे आढळले की पहिल्या ३५ सेकंदांत निवेदक दोनदा थांबवून विरामांची मोजणी सांगतो, पण शेवटची २० सेकंदे नुसता प्रसंग चालतो. ही २० सेकंदे कापली गेली, कारण त्यांचे समर्थन करता आले नसते.

उरलेल्या भागासाठी चॅनलने ४ जूनला हरकत नोंदवली. इथे तारखेला महत्त्व आहे. दावा लागल्यापासून पाच दिवसांच्या आत हरकत घेतली, तर दाव्याच्या पहिल्या दिवसापासूनचे उत्पन्न यूट्यूब बाजूला राखून ठेवते आणि अखेरीस जिंकणाऱ्याला देते. हीच हरकत ९ जूनला घेतली असती, तर ८ जूनपर्यंतचे उत्पन्न दावेदाराकडे गेले असते. नव्या व्हिडिओचे प्रेक्षक पहिल्या आठवड्यात अधिक असतील, तर हा फरक लहान राहत नाही.

हरकतीच्या मजकुरात भावनेपेक्षा तपशील कामाला येतो. कोणत्या वेळेपासून कोणत्या वेळेपर्यंत क्लिप आहे, त्या क्षणी निवेदक नेमके कशावर बोलतो, मूळ चित्रपटाच्या किती लहान भागाचा हा वापर आहे आणि हा व्हिडिओ पाहून मूळ चित्रपट पाहण्याची गरज का संपत नाही, एवढे चार-पाच वाक्यांत हक्कधारकाला कळेल अशा भाषेत लिहावे. ‘चॅनल छोटे आहे, मेहनत वाया जाते’ किंवा ‘इतर चॅनल्सही हेच वापरतात’ ही कारणे कायद्यात बसत नाहीत.

दावेदाराला उत्तरासाठी ३० दिवस असतात. तो गप्प राहिला तर दावा सुटतो. त्याने हरकत फेटाळली, तर अपील करता येते आणि त्यावर उत्तर देण्यासाठी त्याच्याकडे सात दिवस असतात. खरा धोका इथे आहे. अपील मान्य नसेल तर दावेदार व्हिडिओ काढण्याची मागणी करू शकतो आणि मग दाव्याचा स्ट्राइक होतो. ही मागणी तो हरकतीच्या टप्प्यावरही करू शकतो. त्याने सात दिवसांनंतरची तारीख देऊन मागणी केली असेल, तर त्या काळात अपील मागे घेऊन स्ट्राइक टाळता येतो. व्हिडिओवर मूळ दावा मात्र राहतो. या उदाहरणातील चॅनलवर आधीचा एकही स्ट्राइक नसेल आणि भाष्य भक्कम असेल, तर अपील करणे योग्य ठरते. दोन स्ट्राइक आधीच असतील, तर एका व्हिडिओच्या उत्पन्नासाठी सगळे चॅनल पणाला लावणे शहाणपणाचे नाही.

जुना चित्रपट म्हणजे मोकळा चित्रपट नव्हे

भारतात चित्रपट आणि ध्वनिमुद्रण यांचा कॉपीराइट प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो. आचार्य अत्रे यांचा ‘श्यामची आई’ हा चित्रपट १९५३ चा, म्हणजे चित्रपट म्हणून त्याचा कॉपीराइट २०१३ अखेर संपला. साने गुरुजींचे निधन १९५० मध्ये झाले. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे मोजली, तर मूळ पुस्तकाचाही कॉपीराइट २०१० अखेर संपला. पण अत्रे १९६९ मध्ये आणि संगीतकार वसंत देसाई १९७५ मध्ये गेले. त्यांच्या शब्दांची आणि चालींची मुदत त्यांच्या मृत्यूपासून स्वतंत्रपणे मोजावी लागते. शिवाय भारतातील मुदत संपली म्हणून अमेरिकेतीलही संपली, असे होत नाही. आणि कोणी अशा चित्रपटाची किंवा गाण्याची प्रत कंटेंट आयडीत नोंदवली असेल, तर यंत्र दावा लावणारच. तेव्हा प्रकाशनाचे वर्ष आणि संबंधितांची मृत्युवर्षे दाखवून हरकत घ्यावी लागते.

परवान्याबाबतही हीच सावधगिरी हवी. व्हिडिओखाली क्रिएटिव्ह कॉमन्स परवाना दिसला, तरी तो देणारी व्यक्ती त्या दृश्याची खरी मालक आहे का, हे पाहावे. व्हायरल क्लिपचा मालक ती चित्रित करणारा असतो, ती पुढे पसरवणारे पान नव्हे. परवानगी लेखी घ्यावी आणि तिच्यात मूळ व्हिडिओचा दुवा, वापराची मुदत, संपादनाची मुभा आणि त्या व्हिडिओतून उत्पन्न मिळवण्याची संमती, या चार गोष्टी स्पष्ट असाव्यात.

प्रसिद्ध करण्यापूर्वी

अपलोड करताना Checks या टप्प्यावर कॉपीराइटची तपासणी होते आणि व्हिडिओ सार्वजनिक होण्याआधीच संभाव्य दावे दिसतात. ती पूर्ण होईपर्यंत व्हिडिओ खासगी ठेवावा. ही तपासणी स्वच्छ आली म्हणजे पुढे कधीच दावा येणार नाही असे नाही, कारण हक्कधारक नंतरही नवी सामग्री नोंदवतात. आणि हाताने पाठवलेली काढण्याची मागणी तर या तपासणीत दिसतच नाही.

म्हणून खरी तयारी संपादनाच्या मेजावरच व्हायला हवी. प्रत्येक व्हिडिओसाठी एक साधा तक्ता ठेवावा: क्लिप कुठून घेतली, किती सेकंद, मालक कोण, परवानगी आहे का आणि ही क्लिप कोणता मुद्दा सिद्ध करते. शेवटचा रकाना रिकामा राहिला, तर ती क्लिप काढून टाकावी. तिच्या जाण्याने व्हिडिओचे काही बिघडत नाही. ज्या क्लिपपुढे नेमके कारण लिहिता येते, तिच्यावर दावा आला तरी हरकतीचा अर्धा मजकूर तक्त्यातच तयार असतो. मोठ्या चॅनलकडे वकील असतो. छोट्या चॅनलने निदान हा तक्ता तरी ठेवलाच पाहिजे.